काया, समाप्ती आणि सुमनताई

आकुर्डीत स्टेशनच्या अलीकडे जी जुनी कामगार वसाहत आहे, तिथे सुमनताई वाघमारे कुठे राहतात असं विचारलं तर लोक आधी विचारतात, "ब्लाउज शिवायचाय का?" मग घर दाखवतात. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन आणि मशीनवर सुमनताई. हात चालायचा तितकंच तोंड चालायचं, आणि दोन्हीकडून कुणाची तक्रार नव्हती. नवरा बुद्धरत्न दुचाकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. मुलगा बुद्धभूषण चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनियर. आणि घराला प्यायला चहा. सकाळी चहा, गिऱ्हाईक आलं की चहा, गिऱ्हाईक गेलं की सुटलो म्हणून चहा. कॉफीची एक छोटी पुडी फळीवर असायची. कुणी पाहुणा "मी चहा सोडलाय" म्हणाला तरच ती खाली यायची, आणि तोवर पुडीतली पावडर दगड झालेली असायची.

तर अशा घरात एका सोमवारी भूषणनं बॉम्ब टाकला.

"आई, मिनल रविवारी येतेय. तिची आई पण."

सुमनताईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. मिनल ओव्हाळ हे नाव घरात वर्षभर गाजत होतं. म्हाळुंग्याची मुलगी, वडील लक्ष्मणराव तिथल्याच एका कारखान्यात, आणि ती स्वतः चिंचवडला कॉफीचे दाणे भाजणाऱ्या एका छोट्या कंपनीत. भाजायचं आणि चव घेऊन सांगायचं, ही तिची नोकरी. सुमनताईंना पहिल्यांदा हे ऐकून वाटलं होतं, चव घ्यायचा पगार मिळतो तर आपण लग्नानंतर एवढी वर्षं फुकट राबलो.

"येऊ दे की! पोहे करते, शिरा करते."

"नाही, ती कॉफी घेऊन येतेय. तुझ्यासोबत टेस्टिंग करायला." भूषणनं मान खाली घातली. "मी तिला सांगितलंय की तू कॉफीची फार शौकीन आहेस."

"मी?"

"बोलण्याच्या ओघात निघून गेलं गं. ती म्हणाली, आमच्याकडे आईला कॉफी चालत नाही, कुणाशी बोलायचं घरी? तर मी म्हणालो, माझी आई आहे ना."

दुसरी एखादी आई रागावली असती. सुमनताईही रागावल्या, पण पदर खोचेपर्यंतच. मग त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली, जी दिवाळीआधी चाळीस ब्लाउजांची ऑर्डर आली की यायची. "रविवारला अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "आण कॉफी. शिकते."

भूषणनं दुसऱ्या दिवशी मिनलच्याच कंपनीची दोन पाकिटं आणली. पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. तो वाचायला लागला आणि सुमनताई ऐकायला.

"ब्राइट ॲसिडिटी."

"काय?"

"ॲसिडिटी. असं लिहिलंय."

सुमनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बुद्धरत्न रोज जेवणानंतर ॲसिडिटीची गुलाबी गोळी चघळायचे. "अहो, बघा, आधीच छापून सांगतायत की ही प्यायल्यावर ॲसिडिटी होईल. प्रामाणिक माणसं आहेत म्हणायची."

"आणि ब्राइट म्हणजे?" बुद्धरत्नांनी घाबरून विचारलं.

"जोराची."

"पुढे मीडियम बॉडी," भूषण वाचत राहिला.

"म्हणजे अडतीसचं माप," सुमनताई ताबडतोब म्हणाल्या.

"स्वीट, आणि क्लीन फिनिश."

"फिनिश मला माहीतच आहे. हूक, काज, तुरपाई, आणि आतून धागे कापलेले. पण कॉफीला तुरपाई कुठे करतात?"

भूषणनं गुगल केलं, दोन व्हिडिओ लावले, पण व्हिडिओतला माणूस इतक्या हळू आवाजात बोलत होता की सुमनताईंना वाटलं त्याच्या घरी कुणी आजारी आहे. एवढं मात्र समजलं: दाणे रव्यासारखे जाडसर दळायचे, सगळ्या वाट्यांत सारखंच माप घालायचं, उकळून जरा थांबलेलं पाणी ओतायचं, चार मिनिटं काहीच करायचं नाही. वर साय आल्यासारखा थर जमतो, तो चमच्यानं मोडायचा आणि मोडताना नाक खाली न्यायचं. मग फेस काढून टाकायचा, निवू द्यायचं, आणि चमच्यात घेऊन सुर्रकन ओढायचं. दूध नाही, साखर नाही.

"सुर्रकन?" सुमनताईंना हे फार आवडलं. "आयुष्यभर मी ह्यांना बशीतला चहा आवाज न करता प्या म्हणून ओरडले, आणि इथे आवाज करण्याचा पगार!"

पहिल्या दिवशी त्यांनी काळी कॉफी तोंडात घेतली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की बुद्धरत्न पाण्याचा तांब्या घेऊन धावले. दुसऱ्या दिवशी चेहरा निम्माच वाकडा झाला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "थांबा, थांबा. ह्याच्यात काहीतरी आहे." काय आहे ते मात्र सांगता येईना. जीभ ओळखत होती आणि शब्द मिळत नव्हता, जसं रस्त्यात कुणी हाक मारून बोलतं आणि आपण हसून बोलतो पण नाव आठवत नाही.

एक गोष्ट भूषण सांगायला विसरला होता. चव घेणारे लोक घोट गिळत नाहीत, भांड्यात थुंकतात. सुमनताई तर ताटातला भाताचा कण वाया जाऊ न देणाऱ्या. त्यांनी प्रत्येक वाटी तळापर्यंत संपवली, आणि वाट्या बऱ्याच होत्या. गुरुवारी दुपारी बुद्धरत्न ग्रंथालयातून परतले तर घरातले तीनही पंखे पुसलेले, माळा रिकामा, माळ्यावरची पातेली अंगणात उन्हात, आणि सुमनताई मशीनवर एवढ्या वेगानं चाललेल्या की शेजारच्या गोजाबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

"काय झालंय हिला?" गोजाबाईंनी विचारलं.

"कॉफी," बुद्धरत्न म्हणाले.

"मला पण द्या मग थोडी. माझा माळा राहिलाय."

त्या वेगात शिवलेल्या ब्लाउजची एक बाही उलटी लागली होती, पण ते दुसऱ्या दिवशी उघडकीला आलं, आणि ज्यांचा ब्लाउज होता त्या बाईही हसल्याच.

शनिवारी रात्री जेवताना सुमनताईंनी पाठांतर करून दाखवलं. ॲसिडिटी, बॉडी, स्वीटनेस, फिनिश. कुठला शब्द कुठे लावायचा हे नक्की नव्हतं, पण चारही तोंडपाठ होते. "परीक्षेत कोरा पेपर देण्यापेक्षा काहीतरी लिहिलेलं बरं," त्या म्हणाल्या.

रविवार उजाडला. सुमनताईंनी पाहुण्यांआधी सराव म्हणून सकाळीच तीन वाट्या संपवल्या. त्यामुळे मिनल आणि तिची आई सावित्रीबाई दारात आल्या तेव्हा सुमनताईंनी "जय भीम, जय भीम, या, या, बसा, उठा, इथे बसा, पंख्याखाली बसा" हे एका श्वासात म्हटलं. मिनल बुटकी, गोल चेहऱ्याची, खांद्यावर मोठी पिशवी. सावित्रीबाई लाजऱ्या, खुर्चीच्या काठावर बसलेल्या, पण डोळे सगळीकडे. वडील पहिल्या शिफ्टला होते म्हणून येऊ शकले नव्हते.

मिनलनं पिशवीतून डबे, छोटा काटा, दळायचं यंत्र आणि पांढऱ्या वाट्या काढल्या. वाट्या किती आहेत ते तिनं दोनदा मोजलं. सुमनताईंनी ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. म्हणजे आपण एकट्याच घाबरलेलो नाही.

"काकू, भूषणनं तुमच्याबद्दल एवढं सांगितलंय," मिनल म्हणाली, "की मला भीती वाटतेय. माझी तयारी तुमच्यासमोर कितपत टिकेल."

भूषण खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहू लागला.

तीन वाट्या मांडल्या गेल्या. कुठल्या वाटीत काय आहे ते मिनलनं सांगितलं नाही. पाणी ओतलं, थर जमला, मोडला. वास आला तसे बुद्धरत्नही खुर्ची पुढे सरकवून बसले. मग मिनलनं चमचा पुढे केला. "काकू, आधी तुम्ही."

सुमनताईंनी पहिल्या वाटीतून घोट घेतला. सुर्र! आवाज असा की खिडकीवरचं कबूतर उडालं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि परीक्षेतलं पहिलं उत्तर लिहिलं.

"ॲसिडिटी फारच देखणी आहे. फिनिश मात्र जरा अडतीसची वाटते."

मिनल आधी डोळे मोठे करून पाहत राहिली. मग तिनं ओठ आत दाबले. मग तिच्या खांद्यांना हादरे बसू लागले. सावित्रीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि बॉडी," सुमनताई आता थांबू शकत नव्हत्या, "बॉडी एकदम कडू!"

मिनल फुटली. हसता हसता तिचा चमचा खाली पडला. बुद्धरत्न हसले, भूषण डोकं धरून हसला, आणि सुमनताईंनी दोन्ही हात वर केले. "हे बघ बाळा, खरं सांगते. ह्या घरात कॉफी कुणी पीत नाही. ह्यानं तुला थाप मारली. मी आठवडाभर पाठांतर करतेय आणि एवढी प्यायलेय की काल मी गोजाबाईंचाही माळा आवरला. ॲसिडिटी म्हणजे काय ते मला खरंच माहीत नाही. आमच्या ह्यांना होते ती माहीत आहे."

"आई!" भूषण म्हणाला.

"तू गप. आता चहा करते, पोहे करते, आणि तुम्ही मला माफ करा."

पण मिनल उठली आणि तिनं सुमनताईंना ओट्याकडे जाऊच दिलं नाही. "काकू, तुम्हाला कसं सांगू! मी देवाकडे—" ती थबकली, हसली. "म्हणजे मी अशाच कुणालातरी शोधत होते. मला शौकीन माणूस नकोच होता. मी घाबरत होते शौकीन माणसाला."

मग तिचीही गोष्ट बाहेर आली. तिच्या कंपनीचे मालक दिग्विजय यांना एक छोटा संच काढायचा होता. घरी पहिल्यांदाच चव घेऊन बघणाऱ्या लोकांसाठी तीन पुड्या आणि सोबत मराठीत एक कार्ड. कार्ड लिहायचं काम मिनलकडे. तिनं शब्दकोश उघडला आणि चार शब्द काढले. तेच कार्ड पिशवीत होतं, पण सुमनताईंसारख्या जाणकार बाईला दाखवायची तिची हिंमत होत नव्हती.

"दाखव की," सुमनताई म्हणाल्या.

बुद्धरत्नांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "आम्लता. काया. माधुर्य. समाप्ती."

"अरे बापरे!" सुमनताई म्हणाल्या. "माधुर्यापर्यंत ठीक होतं. समाप्ती वाचून वाटतं, आता दोन मिनिटं उभं राहायचं."

"आणि काया!" सावित्रीबाई पहिल्यांदाच बोलल्या. "मी हिला घरी म्हटलं, बाई, कॉफीची काया कुणी कशाला बघेल?"

"ऑफिसात पण सगळे हसले," मिनल म्हणाली. "इंग्रजी ठेवलं तर ॲसिडिटी वाचून गिऱ्हाईक पाकीट परत ठेवतं. माझी आईच शिवत नाही कॉफीला, त्या एका शब्दामुळे."

"मग बसू या," सुमनताई म्हणाल्या, "आज शब्द काढूनच उठू." त्यांनी पदर खोचला. कॉफी अंगात होतीच.

मिनलनं आधी एक काम केलं. ती म्हणाली, "काकू, मघाशी तुम्ही बॉडी कडू म्हणालात. पण मला वाटतं ती कडू नव्हतीच. सुरुवातीला सगळ्यांचंच होतं असं, आंबट आणि कडू यांची गल्लत होते. लिंबू आहे का घरात? आणि मेथीदाणे?"

लिंबू होतं. मेथीदाणे सुमनताई भिजवूनच ठेवायच्या, बुद्धरत्नांच्या साखरेसाठी. एका पेल्यात पाण्यात लिंबाचे थेंब, दुसऱ्यात मेथीचं पाणी, तिसऱ्यात किंचित साखर. आलटून पालटून प्यायचं.

"ह्याला तोंडात पाणी सुटतं," लिंबाचा पेला ठेवत सुमनताई म्हणाल्या. "आणि मेथीला चेहरा आवळतो, आणि ते जातच नाही घशातून."

"अगदी बरोबर. आता पुन्हा पहिली वाटी."

"शाळेत आम्हाला शिकवलं होतं," बुद्धरत्न मध्येच म्हणाले, "जिभेच्या शेंड्याला गोड, कडेला आंबट, मागे कडू. मग मी कडेकडेनं पिऊ का?"

"काका, ते आता चुकीचं ठरलंय. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडेच कळतात. सुर्रकन ओढायचं ते म्हणूनच. कॉफी तोंडभर पसरते आणि वास मागून नाकात चढतो."

बुद्धरत्नांनी शिक्षकांना मनातल्या मनात माफ केलं आणि मोठ्यानं सुर्र केलं.

सुमनताईंनी पहिली वाटी पुन्हा चाखली. आता वाटी कोमट झाली होती, आणि गंमत म्हणजे निवल्यावर ती जास्त बोलत होती. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. कडू नव्हतंच ते. "अगं, हे आंबट आहे! पण लिंबू नाही. मोसंबी... नाही, संत्र्याची फोड. सोललेली."

"हीच ॲसिडिटी," मिनल म्हणाली. "पोटातली नव्हे, तोंडातली. कॉफी म्हणजे एक फळच असतं काकू, दाणा त्याच्या पोटात असतो. थोडा आंबटपणा राहणारच. फळ नीट पिकलेलं असेल आणि दाणा हलका भाजला असेल तर तो असा छान लागतो. फळ कच्चं राहिलं किंवा पाण्यात अर्क नीट उतरला नाही तर टोचतो."

"मग आंबटपणाच म्हण की सरळ. आणि पुढे कशाचा ते सांग. संत्र्याचा आंबटपणा निराळा, चिंचेचा निराळा, दह्याचा निराळा. कैरीचा तर काय! ते सांगितलं की माणसाला लगेच कळतं."

मिनलनं लिहून घेतलं नाही, ती नुसती मान हलवत राहिली. तिचे डोळे चमकत होते.

बॉडीवर मात्र सगळे अडकले. सुमनताई म्हणाल्या, कडक कॉफी म्हणजे बॉडी जास्त. मिनल म्हणाली, नाही, कडक म्हणजे पावडर जास्त किंवा भाजणी जास्त. बॉडी म्हणजे चवच नव्हे, ती तोंडात किती जड लागते, कशी सरकते, ते. तिनं एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात दूध दिलं. "दोन्हीत साखर नाही. चव विसरा. तोंडाला काय फरक वाटतो?"

"दूध... भरलेलं वाटतं. पाणी निसटून जातं."

"आता वाट्या." तिनं दुसरी वाटी पुढे केली. ती पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात पसरून ठेवलेल्या दाण्यांची होती. ओल्या हवेनं दाणे फुगतात, आंबटपणा मावळतो आणि जडपणा येतो, असं तिनं सांगितलं.

सुमनताईंनी घोट घेतला आणि त्या मशीनकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, कापडाच्या गाठोड्यात हात घातला आणि दोन तुकडे आणून मिनलच्या हातात दिले. एक मलमल, एक जाड मखमल. "डोळे मिट. बोटांनी चोळ. पहिली वाटी ही मलमल. ही दुसरी मखमल. ह्याला आम्ही पोत म्हणतो. रंग वेगळा, पोत वेगळा."

मिनलनं डोळे मिटून कापड चोळलं आणि ती किंचाळलीच. "पोत! काकू, पोत! हलका पोत, भरलेला पोत, मऊसूत, खरखरीत!" ती उभी राहिली आणि तिनं सुमनताईंना मिठी मारली. होणाऱ्या सासूला पहिल्याच भेटीत मारतात तशी जपून नव्हे, शाळेच्या मैत्रिणीला मारतात तशी. भूषण आनंदानं जागच्या जागी उड्या मारत होता. का ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गोडव्याला वेळ लागला नाही. सुमनताईंना वाटत होतं की साखर नाही तर गोड कुठून येणार. पण तिसरी वाटी प्यायल्यावर त्यांनी पुन्हा वाटीत डोकावून पाहिलं. ती आख्खं फळ उन्हात वाळवून काढलेल्या दाण्यांची होती. "खारीक," त्या हळूच म्हणाल्या. सावित्रीबाईंनी इतका वेळ काही घेतलं नव्हतं. मुलीनं आग्रह केला, "आई, मघाशी ऐकलंस ना, पोटातली नाही, तोंडातली. आणि चमचाभरच, गिळायचं पण नाही," तेव्हा त्यांनी तीच वाटी घेतली. एक चमचा तोंडात घोळवला.

"काकवी," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. कढईच्या कडेला लागलेली काकवी बोटानं पुसून खायचो, तशी." मग आणखी एक चमचा घेतला. मग आणखी एक.

"आई, थुंकायचं असतं," मिनल म्हणाली.

"कशाला? छान आहे."

"आणि मला कुणी सांगितलंच नाही थुंकायचं असतं ते!" सुमनताई ओरडल्या. त्यांना एकदम आठवडाभराचा हिशेब लागला: पंखे, माळा, गोजाबाईंचा माळा. सगळे एवढे हसले की बुद्धरत्नांचा चष्मा घसरून वाटीत पडला.

राहिली समाप्ती. तिसऱ्या वाटीनंतर बराच वेळ झाला तरी तोंडात काहीतरी रेंगाळत होतं. पहिल्या वाटीचं मात्र लगेच पुसलं गेलं होतं, स्वच्छ. मिनल म्हणाली, हेच ते, फिनिश: घोट गेल्यावर मागे काय राहतं, किती वेळ राहतं, चांगलं राहतं का नको वाटतं. जास्त भाजलेली असेल तर मागे राखेसारखं कडू राहतं. सुपारीसारखं तुरट राहिलं तर तोंड कोरडं पडतं. ते आंबटही नव्हे, कडूही नव्हे.

"आवळा," बुद्धरत्न म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. ते सहसा चर्चेत पडत नसत. "आवळा खाऊन पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. आवळा तर गेलेला असतो. ते जे मागून येतं..."

"मागची चव," सुमनताई आणि मिनल एकदमच म्हणाल्या.

त्या दुपारी पोहे झाले, चहाही झाला. सावित्रीबाईंनी तो नको म्हटला आणि तिसऱ्या पुडीची कॉफी मागितली. लग्नाचं बोलणं कधी झालं ते कुणाला नीट आठवत नाही. पोहे खाता खाता सावित्रीबाई म्हणाल्या, "तारीख लक्ष्मणरावांच्या सुट्टीवर बघू," आणि सुमनताई म्हणाल्या, "नवरीचे ब्लाउज मी शिवणार," आणि तेच बोलणं होतं. मिनल जाताना दारात थांबून म्हणाली, "भूषण, मला तुझ्या थापेचा राग यायला हवा." "यायला हवा," भूषणनं कबूल केलं. "पुढच्या रविवारी येईन," ती म्हणाली, "बाकीचे शब्द राहिलेत."

दिग्विजयांनी कार्ड पाहिलं आणि पहिल्यांदा "एवढंच?" म्हणाले. आंबटपणा, पोत, गोडवा, मागची चव. संत्रं, चिंच, कैरी, मलमल, मखमल, गूळ, खारीक, काकवी, आवळ्यावरचं पाणी. मग त्यांनी ते घरी नेऊन आपल्या आईला वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, छापा.

लग्न हिवाळ्यात झालं. वंदना झाली, प्रतिज्ञा झाली, जेवणं झाली, आणि हॉलच्या एका कोपऱ्यात मिनलच्या कंपनीतल्या मित्रांनी कॉफीचं टेबल लावलं होतं. लोक आधी लांबून बघून जात होते. मग लक्ष्मणरावांनी तिथे उभं राहून खणखणीत सुर्र केलं, आणि रांग लागली.

आता मिनल त्याच दोन खोल्यांतून चिंचवडला कामाला जाते आणि नवी पुडी आली की आधी घरी आणते. रविवारी सकाळी वसाहतीतल्या पाच-सहा बायका मशीनभोवती बसतात. मधोमध थुंकायला स्टीलचं पातेलं असतं. सुमनताई आता सगळ्यांना थुंकायला लावतात, गोजाबाई सोडून. गोजाबाई ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, रविवारी घर आवरायचं असतं.

परवा एक नवीन वाटी आली. सुमनताईंनी ओढली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जांभूळ."

"जांभूळ कुठलं आई, करवंद," मिनल म्हणाली. "पिकलेलं."

"तुला करवंद काय माहीत? तू म्हाळुंग्याची."

"म्हाळुंग्याच्या डोंगरावर काय उगवतं मग?"

"जांभूळ!"

"दोघीही चुकताय," बुद्धरत्न आतून स्वतःचा चमचा ओढत म्हणाले, "तुरटपणा कुठे आहे त्यात?" तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि पुन्हा चमचे बुडवले.